दोन स्टॉप वरची मुलाखत: लॉगपासून फायनल फाइलपर्यंत

ग्रेडिंगला आलेली मुलाखत S-Log3 या सोनीच्या लॉग प्रोफाइलमध्ये चित्रित केली होती, आणि सावलीत नॉइज येऊ नये म्हणून कॅमेरामनने मुद्दाम दोन स्टॉप जास्त एक्स्पोज केलं होतं. पहिल्या शॉटमध्ये ग्रे कार्ड धरलेलं होतं, त्यामुळे माझं काम अर्धं हलकं झालं. S-Log3 मध्ये १८ टक्के ग्रेची जागा १० बिटच्या मोजपट्टीवर ४२० ठरलेली असते. इथे वेव्हफॉर्ममध्ये तो ५७३ च्या आसपास दिसत होता.

क्लिपवर थेट Rec.709 चा लट लावला तर कपाळ आणि पांढरा शर्ट एकच सपाट डाग व्हायचा. लटच्या पुढच्या नोडमध्ये हायलाइट्स खाली ओढून पाहिले, तर पांढऱ्याचा नुसता राखाडी झाला, शर्टाच्या चुण्या काही आल्या नाहीत. लट म्हणजे आकड्यांचा तक्ता. समोरचं एक्स्पोजर त्याला कळत नाही. वरच्या टोकाचे बरेच वेगवेगळे आकडे त्याने जवळजवळ एकाच आकड्यात कोंबले, की मागाहून ते सुटे होत नाहीत.

म्हणून दुरुस्ती लटच्या आधीच्या नोडमध्ये केली. लॉगमध्ये प्रत्येक स्टॉपला साधारण सारखीच जागा मिळते, S-Log3 मध्ये सुमारे ७९ आकडे. त्यामुळे नुसत्या Offset ने अख्खं चित्र खाली सरकवलं, ग्रे ४२० वर आणला आणि चुण्या परतल्या. (गामा किंवा गेनने हे करू नये, स्टॉपमधली अंतरं बिघडतात.) अगदी गडद भागात मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे स्टॉपमागे जागा कमी असते, त्यामुळे केस जास्तच काळे पडले आणि ते वेगळे उचलावे लागले. आणि वेव्हफॉर्मचा माथा कापल्यासारखा सरळ असता, तर सेन्सरमध्येच माहिती संपलेली असती; मग कुठल्याच नोडचा उपयोग नव्हता.

तयार लटऐवजी शेवटी मी Color Space Transform ठेवला: इनपुट S-Gamut3.Cine आणि S-Log3, आउटपुट Rec.709, गामा २.४. इनपुटला साधं S-Gamut3 निवडलं तरी चित्र ठीकठाकच दिसतं, फक्त त्वचेचा रंग किंचित सरकतो. म्हणून कॅमेऱ्याची सेटिंग विचारूनच घ्यावी.

एक्स्पोर्टनंतर मॅकवरच्या प्लेअरमध्ये फाइल फिकी दिसली. लगेच ग्रेडला हात लावला नाही. फाइल परत टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या वर ठेवली, तिच्यावरची रंगाची सगळी प्रक्रिया बंद केली आणि ब्लेंड मोड Difference केला. पडदा जवळजवळ काळा राहिला, म्हणजे फाइलमधले आकडे बरोबर होते. फरक प्लेअर गामाचा टॅग कसा वाचतो त्याचा होता. लेव्हल्सचा घोळ असता, फुल आणि व्हिडिओची गल्लत, तर Difference मध्ये चेहऱ्याची आकृती स्पष्ट उमटली असती. ग्रेड होता तसाच ठेवून फाइल पाठवली.