पासपोर्टावर नसलेला ‘शेख’: मस्कतच्या पाहुण्यांच्या व्हिसाचा माझा अनुभव

नऊ दिवस फाईल पडून राहिली आणि परत आली तेव्हा वर टाचलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं: नाव जुळत नाही. पाच माणसांची फाईल. कोणाचं नाव, कुठल्या कागदावरचं, कशाशी जुळत नाही, काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं. त्याला आता बरेच महिने झाले, पण चीड गेलेली नाही. अरबी पत्रांवरून इंग्रजी कागद करणाऱ्या दुसऱ्या कोणाचे तरी नऊ दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

मी पुण्याजवळ पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात निर्यात विभागात आहे. संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं अरबी शिकलो, पत्र वाचण्यापुरतं येतं. ओमानच्या एका पाणीपुरवठ्याच्या कामासाठी आमचे पंप जाणार होते. माल निघण्याआधी ग्राहकाची माणसं कारखान्यात येऊन चाचणी पाहतात, तशी मस्कतहून पाच जणं येणार होती. त्यांना व्यवसायाचा व्हिसा हवा, आणि त्यासाठी आमच्या लेटरहेडवर निमंत्रणपत्र हवं: नाव, पासपोर्ट क्रमांक, कशासाठी येणार, किती दिवस, खर्च कोणाचा.

नावांची यादी अरबी पत्रातून आली. (नावं इथे बदलली आहेत.) अश्-शेख / सालिम. अद्-दुक्तूर / नासिर. अल्-मुहंदिस / अहमद. अल्-मुहंदिसा / मरियम. अल्-फाझिल / खालिद. प्रत्येक नावाआधी एक शब्द, मग तिरकी रेघ, मग नाव, आणि ओळीच्या शेवटी ‘अल्-मुहतरम’, म्हणजे आदरणीय. बाईंच्या ओळीत ‘अल्-मुहतरमा’. ओमानची पत्रं अशीच येतात. त्या तिरक्या रेघेला मी तेव्हा काही महत्त्व दिलं नाही. खरं तर तीच सांगत असते की इथवर मान आणि इथून पुढे नाव.

मी घाईघाईत यादी इंग्रजीत उतरवून आमच्या ऑफिसातल्या सहकारी बाईंकडे दिली. त्यांनी नेहमीसारखा तक्ता केला, एक रकाना `Surname`, दुसरा `Given Name`. माझ्या कागदावर ‘शेख सालिम’ होतं. आमच्या शॉप फ्लोअरवर शेख आडनावाची सात-आठ माणसं आहेत आणि हजेरीपटावर आडनाव आधी असतं. बाईंनी आडनाव शेख, नाव सालिम असं लिहिलं. महाराष्ट्रात कोणीही हेच केलं असतं, त्यांना मी अजिबात दोष देत नाही. अहमदच्या नावाच्या रकान्यात `Eng Ahmed` गेलं. तिकडे मस्कतच्या एजंटने व्हिसाचा अर्ज पासपोर्ट समोर ठेवून भरला होता. पासपोर्टावर सालिम, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि शेवटी ‘अल्’ लागलेलं कुळाचं नाव. शेख कुठेच नाही. म्हणजे अर्जात एक सालिम आणि आमच्या पत्रात दुसराच कोणी सालिम शेख.

पासपोर्टावर हा शब्द सापडणार नव्हताच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा पासपोर्टांसाठी 9303 क्रमांकाचा दस्तऐवज आहे. पदव्या, व्यवसाय, मानाचे शब्द नावाच्या रकान्यात घालू नयेत, असं त्यात सुचवलेलं आहे. एखाद्या देशाच्या कायद्याने तो शब्द नावाचाच भाग असेल तर गोष्ट वेगळी. हे मला आधी माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण चिठ्ठीवर ‘पहिलं नाव पाहा’ इतकं जरी कोणी लिहिलं असतं ना! तीन दिवस मी फोन लावत होतो. एकदा लागला तर ‘अर्जदारालाच विचारू द्या’ म्हणाले. अर्जदार मस्कतला, तो एजंटला विचारणार, एजंट म्हणतो अर्ज बरोबर आहे. अर्ज बरोबरच होता. चूक आमच्या पत्रात होती आणि आमच्याशी बोलायला कोणी तयार नाही. चाचणीची तारीख ठरलेली, टेस्ट बेड त्या आठवड्यासाठी राखलेला, तिऱ्हाईत तपासणी करणारा माणूसही सांगून ठेवलेला. चौथ्या दिवशी मी पाचही पासपोर्टांच्या पहिल्या पानांच्या प्रती मागवल्या आणि पट्टी ठेवून एकेक अक्षर जुळवलं. पहिल्याच ओळीत शेख दिसला आणि डोकं भणभणलं.

पत्र नव्याने टाइप केलं. एकही मानाचा शब्द नाही, पासपोर्टावर जसं तसं. व्हिसे आले.

खरी चूक मी त्यानंतर केली. चिडलेलो होतो, या पदव्याच नकोत असं डोक्यात बसलं. स्वागतपत्र, चार दिवसांचा कार्यक्रम, बैठकीच्या इतिवृत्ताचा नमुना, सगळ्या फाईली उघडल्या आणि `Sheikh`, `Dr.`, `Eng.` शोधून सगळीकडे `Mr.` घातलं. रात्रीच पाठवून दिलं.

सकाळी ग्राहकाच्या समन्वयकाचा फोन. ते इजिप्तचे, मस्कतमध्ये नोकरीला. फोन उचलल्यावर त्यांचं पहिलं वाक्य नेहमीचंच असतं, ‘या बाशमुहंदिस.’ मुहंदिस म्हणजे इंजिनिअर आणि बाश म्हणजे तुर्की भाषेतून आलेलं ‘मुख्य’. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तरी इजिप्तमध्ये तांत्रिक कामाशी संबंध असलेल्याला प्रेमाने असंच हाकारतात. त्या दिवशी मात्र आवाज गंभीर होता. ‘हा कागद मी शेखांच्या टेबलावर ठेवू शकत नाही,’ म्हणाले. ‘आणि मरियमला तुम्ही मिस्टर केलंय.’

मी कान कोंडल्यासारखा ऐकत राहिलो. अरबीत मुहंदिस पुरुष, मुहंदिसा बाई, शब्दातच कळतं. इंग्रजीत `Eng.` केलं की ते पुसलं जातं. मग त्या `Eng.`चा पुन्हा `Mr.` केला की चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा यादी करतानाच शेजारी बाई की पुरुष ते टिपून ठेवा. `Dr.`लाही हेच लागू.

मग मी त्यांनाच विचारलं, तुम्हीच सांगा, कुठला शब्द ठेवू आणि कुठला काढू? त्यांनी अर्धा तास दिला. त्यांचं बोलणं आणि नंतर मी स्वतः पडताळलेलं असं मिळून माझ्या डोक्यात आता जे बसलं आहे ते असं.

आपणही धंद्यानेच हाक मारतो: डॉक्टर, वकीलसाहेब, गुरुजी. (साहेब हा शब्दही मुळात अरबी, साहिब.) पण इंग्रजी पत्रात आपण ‘वकीलसाहेब’ उतरवत नाही, कारण ती हाक आहे. पत्रात गावच्या पाटलांचं पाटीलपण मात्र गाळून चालत नाही, कारण ती त्यांची गावातली जागा आहे. अरबी शब्दांचंही हेच पाहायचं: नुसती हाक आहे, की त्या माणसाची जागा?

शेख ही जागा. ओमानमध्ये शेख म्हणजे टोळीचा मान्यताप्राप्त प्रमुख, तिथल्या राजघराण्यातले लोक स्वतःला सय्यद लावतात. कुवेत, बहारीन, कतार, अमिरातीत उलट राजघराण्यातलेच शेख आणि शेखा. सौदीत राजपुत्राला अमीर म्हणतात आणि शेख म्हणजे बहुधा धर्मपंडित, कधी मोठा व्यापारीसुद्धा. इजिप्तमध्ये मशिदीतले इमाम शेख, अल्-अझहरचे प्रमुख शेख. शिवाय शब्दाचा मूळ अर्थ वयोवृद्ध, म्हणून नुसत्या म्हाताऱ्या माणसालाही आदराने शेख म्हणतात. पहिल्या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत `Sheikh` ठेवायचंच, त्याला जुळणारा इंग्रजी शब्द नाही. नुसत्या वयाचा मान असेल तर मात्र काढावा, नाहीतर इंग्रजी वाचणाऱ्याला तो कुठल्या घराण्यातला वाटतो.

डॉक्टरचं सोपं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. अरबीत पीएच.डी. झालेले आणि वैद्य दोघेही दुक्तूर, इथवर इंग्रजीसारखंच. पण इजिप्तमध्ये औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टलाही ‘या दुक्तूर’ म्हणतात. ते इंग्रजीत `Dr.` झालं तर खोटी माहिती ठरू शकते. आमच्या नासिरांची जलअभियांत्रिकीतली पीएच.डी. आहे हे विचारून घेतलं आणि ठेवलं.

मुहंदिसला इंग्लंड-अमेरिकेच्या इंग्रजीत नावाआधी जागाच नाही. तिकडच्या वाचकासाठी अहवाल असेल तर `Mr.` किंवा `Ms.` लिहून हुद्दा पुढे द्यावा. पण आखाती देशांतल्या इंग्रजीत `Eng.` रोज चालतं, लोकांच्या व्हिजिटिंग कार्डावर असतं. ज्याने स्वतः ते लावलंय त्याला पत्र लिहिताना ते काढणं म्हणजे त्याची पदवी काढून घेणं. अल्-फाझिल हा मात्र सरळ `Mr.`. भाषांतर करून ‘सद्गुणी’ वगैरे करू नये. अल्-मुहतरम तर `Dear`मध्येच आलं.

हे आधी सांगायला हवं होतं: मानाचा शब्द पहिल्या नावाला लागतो. डॉ. नासिर, कुळाच्या नावाने नाही. आणि मधलं नाव वडिलांचं असतं, आपल्यासारखंच. ते आडनाव समजून कोणी `Mr. Hamad` लिहिलं तर सालिमच्या वडिलांनाच पत्र जातं.

अरबीत शब्द एकावर एक चढतात, शेख दुक्तूर मुहंदिस. इंग्रजीत मी सर्वांत वरचा एक ठेवतो आणि बाकीचे ओळखीच्या ओळीत देतो. अपवाद आहेत. शारजाच्या शासकांचं नाव अधिकृत इंग्रजीतही शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी असंच येतं, त्यांची एक्सेटर विद्यापीठाची इतिहासातली डॉक्टरेट आहे. कोणी स्वतःचं इंग्रजी रूप ठरवलं असेल तर आपण त्यात हात घालू नये.

आता आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याच्या दोन ओळी असतात. एक पासपोर्टाची, ती अर्ज, निमंत्रणपत्र आणि तिकिटासाठी. दुसरी हाकेची, ती स्वागतपत्र, इतिवृत्त आणि टेबलावरच्या पाट्यांसाठी. दोन्ही ओळी पाहुण्यांच्या ऑफिसकडून लेखी मान्य करून घेतो.

चाचणीच्या दिवशी पाच पाट्या मी स्वतः लावल्या: `Sheikh Salim`, `Dr. Nasser`, `Eng. Ahmed`, `Eng. Maryam`, `Mr. Khalid`. शेख आत आले, खुर्ची ओढली, पाटीकडे एकदा पाहिलं आणि बसले. मरियमबाईंनी जाताना त्यांची पाटी पर्समध्ये घातली.