एकच कॅमेरा, दोघांचा सीन: १७ सेटअपचे ७ कसे झाले

तर तो भावाबहिणीचा सीन एकदाचा शूट झाला. अडीच पानं, टेबलाशी दोघं बसलेत, घर विकायचं चाललंय, मध्ये टेबलावर घराची चावी आणि एक पाकीट. अर्ध्यावर बहीण उठते आणि खिडकीशी जाते. मागच्या सीनला मी काय केलेलं तर पूर्ण सीन चार बाजूंनी अथपासून इतिपर्यंत शूट करून ठेवला आणि एडिटला कळलं की जिथे कट हवाय तिथेच नेमकं काही नाहीये. म्हणून यावेळी कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी दोन संध्याकाळी फक्त कागदावर घालवल्या, आणि हा लॉग मेनली त्या कागदाचाच आहे.

पहिली शॉट लिस्ट मनातल्या मनात सीन बघत लिहिली, आणि झाले १७ सेटअप. सेटअप म्हणजे कॅमेरा उचलून दुसरीकडे ठेवला, लाइट परत लावला की एक. माझा अनुभव असा की टेक धरून एका सेटअपला सरासरी अर्धा तास जातो, म्हणजे साडेआठ तास, आणि खिडकीतून कामाचा उजेड मिळणार होता साडेचार तास. म्हणजे जवळजवळ अर्धी लिस्ट उडवायला लागणार हे आधीच ठरलेलं होतं, फक्त कुठली ते शूटच्या दिवशी घाईत ठरवायचं की घरी बसून एवढाच प्रश्न.

मग स्क्रिप्टची प्रिंट काढली आणि त्यावर उभ्या रेघा मारल्या. ही पद्धत खरं तर सेटवर स्क्रिप्ट सुपरवायझर वापरतात, काय शूट झालं त्याची नोंद म्हणून, मी ती आधीच प्लॅन म्हणून वापरली. प्रत्येक सेटअपला एक रेघ, तो जिथून सुरू होतो त्या ओळीपासून जिथे संपतो तिथपर्यंत. ज्या ओळीला बोलणारा त्या शॉटमध्ये दिसतो तिथे रेघ सरळ, जिथे त्याचा फक्त आवाज येतो तिथे नागमोडी. मग पानावर आडवी पट्टी ठेवून एकेका ओळीवरून किती रेघा जातात ते मोजायचं. एकच रेघ असेल तर तिथे कट करता येणार नाही, टेक चुकला तर पर्याय नाही. पाच रेघा असतील तर त्यातल्या तीन बहुतेक फुकट.

माझ्या पानावर सुरुवातीच्या नमस्कार-चमत्काराच्या ओळींवर सहा रेघा होत्या, आणि भाऊ म्हणतो "सही मी कालच केली" त्या ओळीवर बहिणीच्या चेहऱ्याची नागमोडी रेघच नव्हती! म्हणजे सगळा सीन ज्या रिअ‍ॅक्शनसाठी लिहिलाय तीच लिस्टमध्ये नाही. हे बघून जरा गार पडले. बोलणाऱ्यावर कॅमेरा ठेवायची सवय इतकी असते की ऐकणाऱ्याचा शॉट लिहायचाच राहतो.

आता खरी गोची, खिडकी. कॅमेरा टेबलाच्या एकाच बाजूला राहणार हे पक्कं, १८० डिग्रीची लाइन म्हणजे दोघांच्या डोळ्यांना जोडणारी रेघ, ती ओलांडायची नाही. बहीण फ्रेममध्ये डावीकडे आणि उजवीकडे बघते, भाऊ उजवीकडे आणि डावीकडे बघतो. इथवर ठीक. पण खिडकी आहे भावाच्या पाठीमागे. ती उठून त्याच्या मागून तिकडे गेली की कॅमेरा तिथेच असूनही सगळं उलटं होतं, आता भाऊ डावीकडे आणि ती उजवीकडे. तिचा बसलेला सिंगल, म्हणजे फ्रेममध्ये ती एकटीच आणि उजवीकडे बघतेय, त्याला थेट खिडकीतला सिंगल जोडला, ज्यात ती डावीकडे बघतेय, तर बघणाऱ्याला क्षणभर कळणारच नाही ती कोणाशी बोलतेय. लाइन मी ओलांडलीच नव्हती, अ‍ॅक्टर चालली आणि लाइनच फिरली.

पहिल्या लिस्टमध्ये यासाठी मी वेगळा वाइड, वेगळा पॅन आणि उठण्याचा एक क्लोजअप असे तीन सेटअप टाकलेले. मग कागदावर खोलीचा नकाशा काढून दोन बटणं सरकवत बसले (खरंच, शर्टाची बटणं) आणि लक्षात आलं की भावाच्या सिंगलमध्येच हे सगळं होतंय. त्याच्यावर कॅमेरा लावून ठेवला तर ती डावीकडून फ्रेममध्ये येते, आउट ऑफ फोकस, त्याच्या खुर्चीमागून जाते, उजवीकडे बाहेर पडते. तो आधी चावीकडे बघत बसतो आणि तिच्या पुढच्या वाक्याला मान उजवीकडे वळवतो. लाइनचं फिरणं बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झालं, त्यामुळे त्यानंतर ती डावीकडे बघताना दिसली तरी खटकत नाही. तीन सेटअप गेले आणि वर सीनमधला सगळ्यात चांगला शॉट मिळाला, आणि मान वळल्यावर तोच सेटअप सीनच्या शेवटपर्यंत चालतो, म्हणजे दुसऱ्या भागासाठी भावाचा वेगळा सिंगल लागत नाही.

फायनल लिस्ट अशी झाली. एक, मास्टर, म्हणजे दोघं दिसतील असा पूर्ण सीनचा वाइड. दोन, भावाच्या खांद्यावरून बहीण. तीन, त्याच दिशेने बहिणीचा क्लीन सिंगल, म्हणजे भावाचा खांदा फ्रेममध्ये नाही. चार, खिडकीतली बहीण. मग कॅमेरा फिरवून पाच, बहिणीच्या खांद्यावरून भाऊ. सहा, तो वर सांगितलेला भावाचा सिंगल, अख्खा सीन. सात, चावी आणि हाताचा इन्सर्ट, म्हणजे नुसता तेवढाच जवळून. हा क्रम गोष्टीचा नाही, कॅमेऱ्याच्या दिशेचा आहे, कारण वेळ खातो तो कॅमेरा नाही, लाइट खातो. एकाच दिशेला नुसतं पुढे सरकायचं असेल तर दहा-पंधरा मिनिटांत होतं, दिशा फिरवली की मागची बॅकग्राउंड, पसारा, स्टँड सगळं हलवावं लागतं. मिनिटं मांडली तर मास्टरला ६०, मग ४०, २५, ३०, दिशा बदलून ४५, ३५ आणि शेवटी १५. एकूण २५०. हातात होती २७०.

दोन्ही बाजूंचे शॉट जुळावेत म्हणून बहिणीच्या बाजूला लेन्स, लेन्सपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर आणि कॅमेऱ्याची उंची टेपने मोजून लिहून ठेवली. क्रॉप सेन्सर आहे, खांद्यावरच्या शॉटला ३५ एमएम, सिंगलला ५० एमएम, अंतर १.४ मीटर. फिरवल्यावर तेच आकडे लावले. हे केलं नाही तर एकाचा चेहरा थोडा मोठा आणि दुसऱ्याचा लहान येतो आणि कट करताना एक माणूस जवळ बसलाय एक लांब असं वाटतं.

आता काय फसलं ते. सेटअप तीनला कॅमेरा पुढे सरकवला तर तो नेमका भावाच्या खुर्चीच्या जागेवर आला, मग भाऊ करणारा बिचारा जागा मिळेल तिथे, लांब उजवीकडे स्टूलवर जाऊन बसला. पहिला टेक बघितला तर ती भिंतीशी बोलतेय असं वाटत होतं, तिचा एकच डोळा नीट दिसत होता. शॉट जितका टाइट तितकी नजर लेन्सच्या जवळ हवी. त्याला उठवून लेन्सच्या उजव्या अंगाला इतका जवळ बसवला की त्याचा कान जवळजवळ लेन्सला लागत होता, आणि जमिनीवर टेप मारला. पुढच्या टेकला दोन्ही डोळे. आता लिस्टमध्ये प्रत्येक सिंगलपुढे "समोरचा कुठे बसणार" असा कॉलम टाकलाय.

दुसरं, चावी. मास्टरमध्ये बहीण "कालच?" म्हणायच्या आधी चावी उचलते, खांद्यावरच्या शॉटमध्ये म्हणून झाल्यावर, आणि तीही डाव्या हाताने. दोन कॅमेरे असते तर एकाच टेकचे दोन अँगल मिळाले असते, हा प्रश्नच आला नसता. एका कॅमेऱ्याला प्रत्येक अँगल म्हणजे वेगळा परफॉर्मन्स, त्यामुळे हाताची हालचाल शब्दाला बांधायलाच लागते, स्क्रिप्टवर त्या शब्दाला गोल करायचा आणि टेकच्या आधी मोठ्याने सांगायचं. नशीब सिंगलची फ्रेम छातीशी कापलेली होती, हात दिसतच नाहीत, म्हणून तो भाग सिंगलवर ढकलून सुटले.

आवाजाचं मात्र आधीच सांगून ठेवलं होतं की सिंगलमध्ये एकमेकांच्या वाक्यावर वाक्य टाकायचं नाही, अर्धा सेकंद थांबायचं. भांडणाचा सीन असल्यामुळे दोघांना ते फार खोटं वाटत होतं, पण समोरच्याचा आवाज तिच्या वाक्यावर चढला की ते वाक्य दुसऱ्या कुठल्याच अँगलला चिकटत नाही. तोडातोडी मी एडिटमध्ये आवाज मागेपुढे सरकवून केली, आता ऐकताना दोघं एकमेकांना बोलूच देत नाहीयेत असं वाटतंय.

क्रमाची चूक सगळ्यात महागात पडली. बहीण करणारीचे पहिले टेक चांगले असतात म्हणून तिची बाजू आधी घेतली, पण भावाच्या सिंगलमध्ये मागे खिडकी दिसते आणि त्याची पाळी आली तोवर बाहेरचा उजेड पिवळा पडायला लागलेला. सेटअप चारमधली तीच खिडकी पांढरी, सहामधली पिवळट. कलर करून बरंच जवळ आणलंय, पण मला दिसतंय आणि तुम्हालाही दिसेल. मास्टर झाल्या झाल्या दिशा फिरवून आधी सहा घ्यायला हवा होता, मग पाच, आणि त्यानंतर तिची बाजू, तिथेही चार पहिला. तीन आणि दोनच्या मागे नुसती भिंत आहे, ती पडदा लावून लाइटवर संध्याकाळीसुद्धा जमली असती.

रफ कट २ मिनिटं ४० सेकंदांचा झालाय. मास्टरचा वापर सुरुवातीला आणि ती उठते तेव्हा क्षणभर, बाकी सगळा सीन तीन, चार आणि सहावर उभा आहे, सेटअप पाच तर जेमतेम दोनदा आलाय. चावीचा इन्सर्ट उजव्या हाताने परत घ्यायचाय. त्याला ना अ‍ॅक्टर लागत ना खोली, टेबलाची तीच फळी आणि तिच्या ड्रेसची बाही असली की झालं, तेवढा ड्रेस तिच्याकडून मागून आणलाय आणि रविवारी माझाच हात वापरणारे.