जांभया आल्या की मी कॅलेंडर बघते

“चॉकलेट खाल्लं की तुझं डोकं उठतं, हे माहीत असूनही तू खातेस कशाला?”

मला मायग्रेन आहे, आणि घरचे मला हे नेहमी ऐकवतात. मीही बरीच वर्षं असंच समजत होते. चॉकलेट खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून अंधारात पडले, असं चार-पाच वेळा झाल्यावर मी चॉकलेट सोडलं. मायग्रेनचे अटॅक काही कमी झाले नाहीत. मग मी वहीत लिहायला लागले. फक्त दुखण्याचं नाही, आदल्या दिवसाचंही.

त्यातला एक मंगळवार सांगते. रात्री साडेसात तास झोप झालेली. दुपारी तीनला जांभया सुरू झाल्या. झोप येत नव्हती, नुसत्या जांभया, एकामागून एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मान आखडली. तासाभरात दोनदा लघवीला जाऊन आले, पाणी नेहमीएवढंच प्यायले होते. पाचच्या सुमाराला चॉकलेट हवंच झालं, पोट भरलेलं असतानाही. सहाला नवऱ्याने चमचा बशीवर ठेवला त्या आवाजाने मी त्याच्यावर खेकसले. डोकं अजिबात दुखत नव्हतं. दुखायला लागलं बुधवारी सकाळी दहाला, नेहमीसारखं डाव्या बाजूला.

वही चाळताना क्रम लक्षात आला. जांभया आधी, चॉकलेट नंतर. म्हणजे मी खाल्लं तेव्हा अटॅक सुरू होऊन दोन तास उलटले होते! डॉक्टर या टप्प्याला प्रोड्रोम म्हणतात. तो दुखण्याच्या काही तास आधी, कधीकधी दोन दिवस आधीही सुरू होतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे. भूक, तहान, झोप यांचा ताळमेळ तो ठेवतो. 2016 साली जर्मनीतल्या संशोधकांनी मायग्रेनच्या एका रुग्णाच्या मेंदूचं महिनाभर रोज स्कॅनिंग केलं, तेव्हा दुखणं सुरू होण्याच्या सुमारे 24 तास आधीच या भागाचं काम बदललेलं दिसलं. रुग्ण एकच होता, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. पण जांभया, खाण्याची ओढ आणि चिडचिड एकाच दुपारी का येतात, हे त्यातून समजायला सोपं जातं. जांभयांमागे डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचाही हात असावा असं मानतात.

काहींना काही पदार्थ खरोखरच बाधत असतील, त्याबद्दल मी वाद घालणार नाही. पण ठरवण्याआधी ते खाण्याच्या आधीचे चार-पाच तास आठवून बघा.

मग जांभया आल्या की लगेच गोळी घ्यायची का? मी घेत नाही. माझ्या वहीत चार महिन्यांत अशा दुपारी अकरा होत्या; त्यातल्या आठांनंतर डोकं दुखलं, तीन फुकट गेल्या. माझी गोळी ट्रिप्टान गटातली आहे. ती दुखणं सुरू होताच, ते वाढण्याआधी घेतली तर चांगली चालते. नुसत्या जांभयांवर तिचा भरवसा नाही. शिवाय ती महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, असं काही महिने घेत राहिलं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. त्यामुळे त्या दुपारी मी गोळी पर्समध्ये टाकते, वेळेवर जेवते, रात्रीचं जागरण टाळते आणि दुसऱ्या दिवशीचं एखादं काम पुढे ढकलता येतंय का ते कॅलेंडरमध्ये बघते. अलीकडे जेपँट गटातल्या एका औषधाची नेमकी या टप्प्यावर चाचणी झाली. औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीपेक्षा त्याने जास्त जणांचं दुखणं टळलं, पण सगळ्यांचं नाही. तुम्हाला ते चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आता गुरुवार. दुखणं थांबलेलं. घरचे म्हणतात, “चला, सुटलीस!” पण मी रात्रभर पार्टी केल्यासारखी असते, तीही एक थेंब न घेता. खाली वाकलं किंवा खोकलं की डाव्या बाजूला, जिथे दुखत होतं तिथेच, कळ येऊन जाते. ‘इस्त्री’ हा शब्द आठवेना, म्हणून मी “ते गरम, कपड्यांचं” म्हणाले आहे. एकच ईमेल तीनदा वाचते. दुखण्यानंतरच्या या टप्प्याला पोस्टड्रोम म्हणतात; तो बहुतेकदा दिवसभरात, फार तर दोन दिवसांत जातो. गोळीची गुंगी म्हणावी, तर ज्या वेळी गोळीच घेतली नाही त्या वेळीही माझं असंच होतं. मात्र जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं किंवा एका हातातली ताकद जाणं हे याच्यात बसत नाही. तसं झालं तर थेट हॉस्पिटल.

त्या दिवशी मी हिशेब करत नाही. एकदा केला होता, एक शून्य जास्त पडलं आणि ते निस्तरायला आठवडा गेला. क्वचित उलटंही होतं: दुखणं ओसरलं की अंगात वारं शिरल्यासारखा उत्साह येतो. मागच्या वेळी मी रात्री अकराला कपाट आवरायला काढलं होतं. नवरा दारात उभा राहून म्हणाला, “हे वहीत लिहिलंस का?”