तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ज नेमकं कुठं अडतं

"सर, बँक लेंडिंग आणि बॅलन्सशीट, दोन्ही चॅनलमध्ये शेवटी बँकेचं कर्जच कमी होतं ना, मग पंधरा मार्काला वेगळं काय लिहायचं?"

वर्गात विचारता, रंकाळ्यावर गाठून विचारता, निकाल लागल्यावर तर फोन करून विचारता. आज सगळं लिहितोच: आरबीआयनं पैसा आवळला की कर्ज या दोन वाटांनी कसं कमी होतं. रेपो, सीआरआर तुम्हाला येतंय, ते सोडून देतो.

आधी एक. बॅलन्सशीट चॅनलमधली बॅलन्सशीट कर्जदाराची असते, बँकेची नव्हे. दरवर्षी कितीतरी पोरं इथंच घसरतात आणि मग दोन्ही उत्तरं सारखी दिसायला लागतात. बँक लेंडिंगमध्ये कर्जदार ठणठणीत असतो, ओढाताण बँकेची असते: आरबीआयनं लिक्विडिटी काढून घेतली, ठेवी आटल्या, ती जागा भरायला बँकेला महागाचा पैसा उचलावा लागतो, म्हणून ती हात आखडते. बॅलन्सशीटमध्ये बँकेकडं पैसा असतो, पण व्याज वाढल्यानं कर्जदाराच्या हातात उरणारी रोकड आणि तारणाची किंमत दोन्ही घसरलेली असतात. बर्नांकी आणि गर्टलर यांनी १९९५ च्या लेखात दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आणून सोडल्यात, एक्स्टर्नल फायनान्स प्रीमियमवर, म्हणजे स्वतःच्या पैशापेक्षा बाहेरचा पैसा जेवढा महाग पडतो तो फरक. वाढतो तो दोन्हीकडं, कारण वेगळं.

हे मला पुस्तकात पाठ होतं, पण पटलं ते दादामुळं. त्याचं शिरोलीला मशीनशॉप, फौंड्रीतून कास्टिंग आणायचं, मशीनिंग करून द्यायचं. कॅश क्रेडिटचं लिमिट ७५ लाख, वापर ७२. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्याचं कर्ज रेपोला जोडलेलं, म्हणजे महिन्याला १५ हजार जादा व्याज. तेवढं तो सोसत होता. खरा घाव दुसरीकडनं बसला. आधी स्टॉक ४० लाख, येणी ६० लाख, त्यातनं २५ टक्के मार्जिन वजा केलं की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे डीपी, बँक जेवढी उचल करू देते ती, बरोबर ७५. पण त्याच्या गिऱ्हाइकांचंही व्याज वाढलेलं, त्यांनी पेमेंट लांबवलं, १६ लाखांची बिलं नव्वद दिवसांच्या पुढं गेली आणि बँकेनं ती धरायची सोडली. स्टॉकचा भाव उतरून ३६. आता ३६ आणि ४४ मिळून ८०, त्याचे ७५ टक्के ६०. वापरलेले ७२, म्हणजे काही नवीन न उचलता खातं १२ लाखांनी वर.

मी त्याच्यासोबत मॅनेजरच्या केबिनमध्ये होतो. "पैसे आहेत की ओ आमच्याकडं, पण तुमची डीपीच बसंना, मी काय करू?" दादा काही बोलला नाही, स्टॉक स्टेटमेंटची घडी घालत राहिला. चेक परत जायला लागले, शनिवारचा पगार थांबला, वहिनीच्या पाटल्या गेल्या. दुसऱ्या बँकेत गेलो, त्यांनीही तीच स्टेटमेंट बघून नाही म्हटलं.

त्या वेळी मी छातीठोकपणे म्हणायचो, दोन बँकांनी नाही म्हटलं म्हणजे बॅलन्सशीट चॅनल, विषय संपला. आज तेवढ्या जोरात म्हणवत नाही. त्याच महिन्यांत सगळ्याच बँकांवर ठेवींचा ताण असेल तर दोघींचं "नाही" बँकेच्या बाजूनंही आलेलं असू शकतं, मॅनेजर काहीही म्हणो. पण ७५ ची ६० झालेली डीपी मी कागदावर बघितलीय, ती कशी खोडू?

हे वेगळं कसं काढायचं, ते ख्वाजा आणि मियान यांच्या २००८ च्या अभ्यासात दिसतं, आणि उत्तरात उदाहरण घालायचं तर हेच घाला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर पाकिस्ताननं डॉलर ठेवी गोठवल्या, त्यामुळं ज्या बँका डॉलर ठेवींवर जास्त टेकलेल्या होत्या त्यांना जास्त फटका बसला. ख्वाजा आणि मियान यांनी एकाच कंपनीची दोन बँकांमधली कर्जं शेजारी ठेवून बघितली. कंपनी तीच, तिची बॅलन्सशीट तीच, तरी फटका बसलेल्या बँकेचं कर्ज जास्त कमी झालं, तर तो फरक बँकेच्या बाजूचाच. मोठ्या कंपन्यांनी तो पैसा दुसरीकडनं उभा केला, छोट्यांना जमलं नाही. बँक लेंडिंग चॅनलला हीच अट लागते: बँकेला ठेवीची जागा जादा खर्चाशिवाय भरता येऊ नये, आणि कर्जदाराला बँकेशिवाय दुसरं दार नसावं.

"मग सर, हीच पद्धत लिहून मोकळं व्हायचं का?" नाही. तो धक्का रेपोचा नव्हता, हे एक. दुसरं म्हणजे या तुलनेत कंपनीची बाजू वजा होऊन जाते, त्यामुळं बॅलन्सशीट चॅनल किती मोठा ते कळतच नाही. आणि ज्याचं खातं एकाच बँकेत, तो या तुलनेत येतच नाही. दादाचं एकाच बँकेत होतं.