आमची वाटचाल : स्वस्त भांडवल, महाग व्हीएमसी

मशीनिंग बाहेरून जॉबवर्कवर करून घ्यायचो, त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. विक्री 200 लाख, चल खर्च 150, स्थिर खर्च 20, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज 4, हातात करपूर्व 26. ऑर्डर आटली की बाहेरचं मशीनिंग थांबायचं, त्याचं बिलही थांबायचं.

मग 80 लाखांची व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं उभं मशीनिंग सेंटर, घेतली, सगळी कर्जावर. तेवढ्याच विक्रीवर चल खर्च 120 वर उतरला, स्थिर 40 वर चढला आणि व्याज 12 झालं. करपूर्व नफा 28. टूल प्रीसेटरवर हत्याराची लांबी मोजून ती मशीनमध्ये ऑफसेट म्हणून भरायची आणि पहिल्याच नगात बोअर मापात, हे सुख वेगळंच.

प्रकल्प अहवाल करणाऱ्या सल्लागाराने भांडवलाचा सरासरी खर्च 15.4 टक्क्यांवरून 12.75 वर आल्याचं दाखवलं. गणित असं: आमचे स्वतःचे 120 लाख 18 टक्के परताव्याच्या अपेक्षेने, कर्ज 10 टक्क्यांनी, 25 टक्के कर वजा जाता 7.5. आधी कर्ज 40 होतं, आता 120, म्हणजे निम्मं-निम्मं. खोट त्या 18 मध्ये होती. कर्ज वाढलं की मालकाची जोखीम वाढते, म्हणून त्याची अपेक्षाही वाढायला हवी. मोदिग्लियानी-मिलर सूत्राने ती 21.2 येते आणि सरासरी 14.35. यातही दुप्पट झालेल्या स्थिर खर्चाची जोखीम धरलेलीच नाही. तो राग अजून गेलेला नाही.

ती जोखीम दुसऱ्या दोन आकड्यांत दिसते. विक्रीतून चल खर्च वजा जाता उरणारं योगदान 80 भागिले व्याजपूर्व नफा 40, हे ऑपरेटिंग लीव्हरेज 2. व्याजपूर्व 40 भागिले करपूर्व 28, हे फायनान्शियल 1.43. गुणाकार 2.86, म्हणजे विक्री एक टक्का हलली की करपूर्व नफा 2.86 टक्के हलतो. जॉबवर्कच्या काळात तो 1.92 होता.

विक्री 20 टक्क्यांनी घसरून 160 वर आली. योगदान 64, स्थिर खर्च 40, व्याज 12, उरले 12. नफा 57 टक्के गेला, म्हणजे 20 गुणिले 2.86. शेजारचा स्पर्धक जॉबवर्कवरच होता. आमच्या जुन्या रचनेत त्याच विक्रीवर 16 उरले असते. आमच्या मशीनला तो हसला, ते लक्षात आहे.

हप्ता तर या गुणोत्तरांत येतच नाही. 12 वर 3 कर, उरले 9; त्यात घसाऱ्याचे 8 मिळवले तर 17, आणि मुद्दलाचा वर्षाचा हप्ता 16. एका जुन्या ग्राहकाने मटेरियल स्वतः पुरवून पैसे वेळेवर दिले, म्हणून हप्ता चुकला नाही.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो: गुणक एकदा काढून फाइलला लावू नका. विक्री बदलली की तो बदलतो. 160 वर ऑपरेटिंग 2.67 आणि फायनान्शियल 2, एकूण 5.33. तिथून आणखी 10 टक्के विक्री गेली, तर उरलेल्या नफ्यातला निम्म्याहून जास्त जातो.