घरच्या लॅपटॉपवर वाय गुणसूत्र झिजवताना: नोंद तिसरी

मागच्या दोन नोंदींत मी वाय गुणसूत्राचं छोटं मॉडेल पायथनमध्ये उभं केलं होतं. या महिन्यात त्यातली एक मोठी चूक सापडली, ती दुरुस्त केली, आणि त्यानंतर आलेले आकडे पहिल्यांदाच कागदावरच्या गणिताशी जुळले. नवीन वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो आणि मग कामाकडे वळतो.

एक्स आणि वाय ही कधीकाळी साधी जोडी होती. आपल्या इतर बावीस जोड्यांसारखीच सारख्या लांबीची, तीच जनुकं त्याच क्रमानं असलेली. त्यातल्या एकावर नर ठरवणारं जनुक आलं (आपल्यात एसआरवाय), आणि पुढे त्या जनुकाच्या आजूबाजूच्या पट्ट्यात जोडीदाराशी होणारी अदलाबदल, म्हणजे क्रॉसिंग ओव्हर, थांबली. ही अदलाबदल एकदम सगळीकडे बंद झाली नाही, टप्प्याटप्प्यानं पट्टे बंद होत गेले. त्या जुन्या जोडीवरच्या सहाशेहून जास्त जनुकांपैकी आज माणसाच्या वायवर जेमतेम 3 टक्के उरली आहेत. एक्सवर मात्र बहुतेक सगळी शाबूत आहेत. एक्सही पुरुषात एकटाच असतो. पण बाईच्या शरीरात त्याला दुसरा एक्स भेटतो आणि तिथे अदलाबदल होते. वायला असा जोडीदार कुठल्याच पिढीत मिळत नाही.

मला समजून घ्यायचं होतं ते एवढंच, की अदलाबदल बंद झाली म्हणून जनुकं का मरावीत? म्युटेशनचा दर तर तोच राहतो आणि निवडही तशीच चालू राहते.

याचं एक उत्तर म्युलरनं 1964 मध्ये रॅचेटच्या रूपकातून दिलं. गॅरेजमधला रॅचेट पाना पाहिला असेल, तर तो एका दिशेला कट कट करत सरकतो आणि मागे येत नाही. हजार पुरुषांचे हजार वाय घ्या. काहींवर शून्य दोष असतील, काहींवर एक, काहींवर पाच. शून्य दोषवाले सगळ्यांत निरोगी, पण संख्येनं थोडे. एखाद्या पिढीत निव्वळ योगायोगानं त्या थोड्यांपैकी कुणालाच मुलगा झाला नाही, तर तो वर्ग संपला. आता सगळ्यांत चांगला वाय एक दोष असलेला. पानाचा एक दाता सरकला, आणि हे पुन्हा पुन्हा होत राहतं.

हा चांगला वर्ग किती लहान असतो, याचं सूत्र हेगनं 1978 मध्ये दिलं:

`n0 = N * exp(-U/s)`

N म्हणजे वायची संख्या, U म्हणजे दर पिढीला एका वायवर येणारे नवे दोष, s म्हणजे एका दोषानं होणारं नुकसान. मी N = 1000, U = 0.1, s = 0.02 धरतो. U/s होतं 5, आणि n0 येतो 6.7. हजारांत फक्त सहा-सात निरोगी वाय! एवढा लहान गट टिकणं अवघडच. s वाढवून 0.05 केला की U/s होतं 2 आणि n0 जातो 135 वर. म्हणजे हलक्या दोषांनी वाय लवकर झिजतं, जड दोषांनी हळू. जड दोषाला निवड लगेच बाहेर काढते, हलका दोष मात्र गर्दीत साचत राहतो. हे मला आधी उलटं वाटलं होतं, म्हणून सूत्रावर बराच वेळ बसलो.

वायचं सगळ्यांत साधं मॉडेल एवढंच आहे:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
N, U, s = 1000, 0.1, 0.02
k = np.zeros(N, dtype=int)
for g in range(10000):
    w = (1 - s) ** (k - k.min())
    k = k[rng.choice(N, N, p=w / w.sum())]
    k = k + rng.poisson(U, N)
    if g % 500 == 0:
        print(g, k.min(), k.mean())
```

`k` मध्ये प्रत्येक वायवरच्या दोषांची फक्त संख्या आहे. `k.min()` म्हणजे पाना कितव्या दात्यावर आहे ते. 10,000 पिढ्यांत हा आकडा शंभराच्या कितीतरी पुढे गेला. s = 0.05 ठेवला तेव्हा तेवढ्याच पिढ्यांत सरकलेले दाते हातावर मोजण्याइतके होते. सूत्र खरं बोलत होतं.

पण अदलाबदल दाखवायची तर नुसती संख्या पुरत नाही. कुठला दोष कुठे आहे हे ठेवावं लागतं. म्हणून 2000 जागांचं कोष्टक केलं, प्रत्येक ओळ एक गुणसूत्र. आणि इथेच घोळ झाला. कोष्टकवाल्या मॉडेलमध्ये अदलाबदल बंद ठेवली की ते वरच्या साध्या मॉडेलसारखं वागायला हवं होतं. ते मात्र फारच वेगानं झिजत होतं. मी आठवडाभर ही झीज खरी समजून तिचे आलेख काढत होतो.

संशय आला तो एका सोप्या चाचणीमुळे. s = 0.1 ठेवला तर U/s होतं 1, निरोगी वर्ग हजारांत 368 चा, आणि दाते जवळपास सरकतच नाहीत. अशा वेळी सरासरी दोष 1 च्या आसपास स्थिर राहायला हवेत. साध्या मॉडेलमध्ये तसंच होतं. कोष्टकात मात्र सरासरी 2 च्या आसपास थांबत होती. बरोब्बर दुप्पट, म्हणजे हा योगायोग नव्हता.

चूक या ओळीत होती:

```python
mul = pop[i]          # चूक: ही नवी प्रत नाही
mul = pop[i].copy()   # बरोबर
```

नमपायमध्ये `pop[i]` लिहिलं की त्या ओळीची नवी प्रत मिळत नाही, तीच ओळ हातात येते. त्यामुळे मुलावर दोष टाकला की तो बापाच्या ओळीवरही पडत होता आणि त्या बापाच्या सगळ्या मुलांवरही. एका वायमागे सरासरी एक मुलगा असला, तरी कुठलाही मुलगा उचलून पाहिला तर त्याला सरासरी एक भाऊ असतो. म्हणून प्रत्येकावर दोनदा दोष पडत होते, आणि U प्रत्यक्षात 0.2 झाला होता. दुप्पट कुठून आली ते इतकं स्वच्छ कळलं, की चूक सापडल्याचाच आनंद जास्त झाला. कुणी असं मॉडेल लिहीत असेल तर ही U/s ची चाचणी सर्वांत आधी करा.

दुरुस्तीनंतर अदलाबदल चालू केली. प्रत्येक नव्या गुणसूत्रासाठी दोन पालक-प्रती घ्यायच्या, एक जागा यादृच्छिक निवडायची, तिच्या डावीकडचं पहिलीतून आणि उजवीकडचं दुसरीतून. बाकी सगळे आकडे तेच. आता सरासरी 5 जवळ येऊन थांबली आणि 10,000 पिढ्यांनंतरही तिथेच होती.

मी छापलेल्या ओळी एकेक पाहत बसलो तेव्हा खरी गोष्ट दिसली. अदलाबदल असतानाही निरोगी वर्ग मधूनमधून संपतो. किमान आकडा 0 वरून 1 वर जातो. पण काही पिढ्यांनी तो पुन्हा 0 होतो! एका गुणसूत्राचा दोष डाव्या भागात, दुसऱ्याचा उजव्या भागात. एकाची चांगली डावी आणि दुसऱ्याची चांगली उजवी बाजू जुळली की शून्य दोषाचं गुणसूत्र परत तयार होतं. वायच्या छापील ओळींत किमान आकडा एकदाही मागे आलेला नाही.

निसर्गात हे पाहायचं तर माझ्या मते ड्रोसोफिला मिरांडा या फळमाशीसारखं दुसरं उदाहरण नाही. सुमारे 15 लाख वर्षांपूर्वी तिचं एक साधं गुणसूत्र वायला चिकटलं. फळमाशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर मुळीच होत नाही, त्यामुळे चिकटलेल्या त्या अख्ख्या गुणसूत्राची अदलाबदल एका फटक्यात बंद झाली. त्याचा जोडीदार मात्र माद्यांमध्ये आपल्यासारख्याच दुसऱ्या प्रतीला भेटत राहिला. आज पाहिलं तर जोडीदार ठणठणीत आहे, आणि वायला चिकटलेल्या प्रतीवरची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जनुकं निकामी आहेत. गंमत म्हणजे ती प्रत लहान झालेली नाही. उड्या मारणारे डीएनएचे तुकडे साचून ती कित्येक पट फुगली आहे. पपईतही तसंच आहे: नरत्व ठरवणारा पट्टा एक्सवरच्या जोडीदार पट्ट्यापेक्षा दुपटीहून लांब आहे. वाय म्हणजे आकसलेलं गुणसूत्र असं आपण म्हणतो, पण तरुण वाय आधी फुगतं. आकसणं फार नंतरचं.

माशीवर एक अडचणही दिसते, ती लपवण्यात अर्थ नाही. माशांची संख्या प्रचंड असते. माझ्याच आकड्यांत N = 10,00,000 केला तर n0 होतो 6,700, आणि मग पाना हलतच नाही. म्हणून एवढ्या मोठ्या संख्येत एकटं रॅचेट पुरत नाही. तिथे दुसरी गोष्ट चालते: वायवर एखादं फायद्याचं म्युटेशन आलं की ते अख्ख्या वायसकट पसरतं, आणि त्याच वायवर जे दोष असतील तेही फुकट प्रवास करून सगळीकडे पोचतात. मिरांडाच्या नव्या वायवर माशी-माशीतला फरक जोडीदाराच्या तुलनेत खूपच कमी दिसतो, आणि अशा सरसकट पसरण्याची खूण तीच असते.

शेवटचा बदल दोन रात्रींपूर्वी केला. आधीच्या मॉडेलमध्ये U कायम 0.1 राहतो, त्यामुळे झीज सरळ रेषेत अखंड चालते. वाय इतक्या वर्षांत नाहीसं होणार असे जे हिशोब ऐकू येतात, ते याच सरळ रेषेवर उभे असतात. पण मेलेलं जनुक पुन्हा मरत नाही. मी 1000 जनुकं ठेवली, प्रत्येकाला दर पिढीला 0.0001 धोका, आणि जितकी जनुकं जिवंत तितकाच U. निम्मी मेली की U होतो 0.05, U/s होतं 2.5, आणि निरोगी वर्ग 6.7 वरून 82 वर जातो. पाना जड होत जातो. 50,000 पिढ्या चालवल्या, तर शेवटच्या 10,000 पिढ्यांत गेलेली जनुकं पहिल्या 10,000 च्या निम्मीही नव्हती. माणूस आणि ऱ्हीसस माकड यांची वाट साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, आणि त्यानंतर माणसाच्या वायनं जुन्या जनुकांपैकी फक्त एक गमावलं आहे. रेषा वाकते, हे तिथेही दिसतं.

आता काम चालू आहे ते पालिंड्रोमवर, म्हणजे डीएनएच्या अशा पट्ट्यांवर ज्यांचा एक अर्धा दुसऱ्या अर्ध्याचं उलटं प्रतिबिंब असतो. माणसाच्या वायवर असे आठ मोठे आरसे आहेत, सर्वांत लांब सुमारे 29 लाख अक्षरांचा, आणि त्याचे दोन्ही हात जवळजवळ तंतोतंत सारखे. एका हातावरून दुसऱ्यावर नक्कल होते. जोडीदार नसलेलं वाय स्वतःशीच अदलाबदल करतं असं म्हणा. मॉडेलमध्ये प्रत्येक जागेच्या दोन प्रती ठेवल्या आहेत, आणि नक्कल चांगल्यावरून वाईटावर की उलट, हे नाणेफेकीवर सोडलं आहे. काल रात्रीच्या पहिल्या धावेत किमान आकडा 3 वरून 2 वर आला. वायच्या ओळीत तो मागे आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पण ही एकच धाव आहे. वेगवेगळ्या सीडनं वीस धावा लावून ठेवल्या आहेत, त्या संपल्या की आकडे इथे टाकतो.