जपानी टब, कोल्हापुरी चिखल

इथे तोक्योत कमळ लावणारे नर्सरीतून ‘अराकिदा’ नावाची माती पोत्याने विकत आणतात. भातखाचरात असते तशी जड, चिकट माती, दुसरं काही नाही. कोल्हापूरकरांना तिच्यासाठी एक पैसाही खर्चायला नको. पंचगंगेकाठच्या रानातली काळी माती तेच काम करते.

साठ सेंटिमीटर रुंद, चाळीस खोल, बुडाला भोक नसलेला गोल टब घ्या. चौकोनी नको, कारण कमळाचे धावते कोंब कोपऱ्यात अडकून मुडपतात. चार बादल्या माती खडे काढून, पाणी घालून पुरणाच्या कणकेइतकी मऊ मळा. साधारण अठरा सेंटिमीटरचा थर होतो. कोकोपीट किंवा अर्धवट कुजलेलं शेणखत घालायचा मोह आवरा. कोकोपीट तरंगतं आणि कच्चं शेण पाण्याखाली सडून कंदालाही सडवतं. शंका असेल तर चिखलाचा लाडू ग्लासभर पाण्यात टाका. वर काडीकचरा तरंगला तर ती माती चालणार नाही.

कंद आडवा, टबाच्या कडेशी ठेवा आणि कोंब मध्याकडे वळवा. अंगावर चिखल ओढायचा, पण कोंबाचं टोक उघडं राहिलं पाहिजे. ते मोडलं की तिथली वाढ थांबते. भाजीसाठी आणलेली कमळकाकडी बहुधा म्हणूनच फुटत नाही. पाणी सुरुवातीला चिखलावर फक्त पाच-सात सेंटिमीटर ठेवा, म्हणजे उन्हाने ते लवकर तापतं. पानं वाढतील तसं बारा-पंधरापर्यंत चढवा. रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. कमी पडलं तर पानंच येतात, कळी येत नाही.

इथे लागवड मार्चअखेरीला सुरू होते. कोल्हापुरात मात्र फेब्रुवारीतच उरका, म्हणजे आभाळ भरून यायच्या आत झाड जोर धरतं. जूननंतरच्या धारांनी टब काठोकाठ भरतो आणि कोवळी पानं बुडतात. म्हणून चिखलापासून पंधरा सेंटिमीटरवर टबाला एक भोक पाडून ठेवा.

खताची घाई सगळ्यात महागात पडते. आधी येणारी पानं पाण्यावर नाण्यासारखी पसरतात. तेव्हा झाड कंदातल्या साठ्यावरच जगत असतं, आणि खत दिलं तर कोवळी मुळं करपतात. पाण्याबाहेर उभी राहिलेली तीन पानं दिसली की 10:26:26 चा एक चहाचा चमचा कागदात गुंडाळायचा आणि टबाच्या कडेला, कंदापासून लांब, चिखलात बोटभर खोल खुपसायचा. दर तीन आठवड्यांनी जागा बदलून पुन्हा द्या. इथले काही लोक चक्क सुकी मासळी पुरतात. चालतं, पण मांजरं टब उकरतात. खत पाण्यात विरघळवून ओतू नका, दोन दिवसांत शेवाळ हिरवंगार होतं.

पिवळं पान कापताना देठ पाण्याच्या वर ठेवा. तो पोकळ असतो, पाण्याखाली कापला की पाणी आत शिरून कंद कुजू शकतो. डासांसाठी चार गप्पी मासे सोडले की काम झालं.